अन्वस्ताखालचं क्षेत्रफळ बरोबर एक तृतीयांश : आलेख कागदावरून लिमिटपर्यंत



मी प्राथमिकची शिक्षिका. आपल्या वर्गात आयत, चौरस, फार तर त्रिकोण. पण सदरला आमच्या घराजवळच राहणारी माझी एक जुनी विद्यार्थिनी आता बारावीला आहे. मागच्या महिन्यात ती वही घेऊन आली आणि म्हणाली, "मॅडम, हे उत्तर काहून बरोबर येते? आयत टाकले की वर फटी राहतातच. मग 'बरोबर' चं चिन्ह कसं काय लावतात? 'जवळपास' लिहायला पाहिजे ना."

वहीत गणित होतं y = x² या वक्राचं. वक्र ० पासून १ पर्यंत घ्यायचा आणि त्याच्याखाली, म्हणजे वक्र आणि आडवी रेषा यांच्यामध्ये, किती जागा आहे ते काढायचं. उत्तर १/३. या वक्राला पॅराबोला किंवा मराठीत अन्वस्त म्हणतात.

मी पटकन सांगून टाकलं, "अगं, आयताची जाडी शेवटी शून्य होते, म्हणून फट राहत नाही." ती म्हणाली, "जाडी शून्य झाली तर आयताचं क्षेत्रफळपण शून्य. मग शून्यांची बेरीज १/३ कशी?" खरं सांगते, माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तिला दुसऱ्या दिवशी बोलावलं आणि रात्री आलेख कागद घेऊन बसले. त्या दोन दिवसांत जे सापडलं तेच आज लिहिते आहे. यात चौथी-पाचवीच्या गणितापलीकडचं फार थोडं आहे.

आलेख कागदावर १० सेंटिमीटर बाजूचा चौरस आखा. १० सेंटिमीटर म्हणजे आपला १ एकक. चौरसात १० हजार चौरस मिलिमीटर असतात. आता डाव्या खालच्या कोपऱ्यापासून १ सेंटिमीटर उजवीकडे गेलात की वक्राची उंची किती? ०.१ चा वर्ग ०.०१, म्हणजे १ मिलिमीटर. २ सेंटिमीटरवर ४ मिलिमीटर, ३ वर ९, ४ वर १६, ५ वर २५. असं करत ९ वर ८१ आणि १० वर १००. मुलांना पाठ असलेल्या वर्गसंख्याच मिलिमीटरमध्ये उभ्या राहतात. ठिपके हळुवार जोडले की अन्वस्त तयार. सुरुवातीला जमिनीला चिकटलेला, शेवटी एकदम वर चढणारा.

आता त्याच्याखालची जागा मोजायची. वक्र वाकडा आहे, आपल्याला आयतच मोजता येतात. म्हणून १-१ सेंटिमीटर रुंदीच्या दहा उभ्या पट्ट्या पाडू. प्रत्येक पट्टीत दोन प्रकारे आयत बसवता येतो. एक, पट्टीच्या उजव्या टोकाला वक्र जेवढा उंच तेवढा आयत. हा वक्राच्या वर डोकावतो, याला मोठा आयत म्हणू. दुसरा, पट्टीच्या डाव्या टोकाच्या उंचीचा. हा वक्राच्या आतच राहतो, तो छोटा.

मोठ्या आयतांच्या उंच्या १, ४, ९ … १०० मिलिमीटर आणि प्रत्येकाची रुंदी १० मिलिमीटर. १ पासून १० पर्यंतच्या वर्गांची बेरीज ३८५. गुणिले १० म्हणजे ३८५० चौरस मिलिमीटर. छोट्या आयतांच्या उंच्या ०, १, ४ … ८१. त्यांची बेरीज २८५, क्षेत्रफळ २८५०. खरी जागा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे. १० हजारांचा तिसरा हिस्सा ३३३३ आणि वर थोडं, तो यांच्यामध्ये बसतो. पण ३००० पण बसतात आणि ३५०० पण बसतात. म्हणजे अजून काहीच सिद्ध झालेलं नाही.

इथे एक गोष्ट बघा, कारण पुढे सगळं तिच्यावर उभं आहे. मोठ्या आणि छोट्या बेरजेतला फरक बरोबर १००० आला. हा योगायोग नाही. प्रत्येक पट्टीत मोठा आयत छोट्यापेक्षा जेवढा उंच आहे तो तुकडा घ्या. ते तुकडे १, ३, ५, ७ … १९ मिलिमीटर उंचीचे आहेत, विषम संख्याच. मी ते तुकडे कात्रीने कापले आणि उजवीकडे सरकवून शेवटच्या पट्टीत एकावर एक रचले. पट्टी खालपासून वरपर्यंत बरोबर भरली, १० मिलिमीटर रुंद आणि १०० मिलिमीटर उंच. सगळ्या पट्ट्यांमधली शंकेची जागा मिळून एका पट्टीएवढीच असते.

विद्यार्थिनीने फटी म्हटलं होतं ना, त्या सगळ्या या शेवटच्या पट्टीत मावतात. पट्ट्या दहाऐवजी वीस पाडल्या तर ही पट्टी ५ मिलिमीटर रुंद होते आणि फरक ५०० वर येतो. शंभर पाडल्या तर १ मिलिमीटर, फरक १००. कागदावर याच्यापुढे जाता येत नाही, पेन्सिलची रेघच अर्धा मिलिमीटर जाड असते. पण हिशेबाला पेन्सिल लागत नाही. हजार पट्ट्या पाडल्या तर हजार वर्गांची बेरीज लागेल. ती एकेक करून कोण करणार? इथे सूत्र हवं.

वर्गांच्या बेरजेचं सूत्र मला डी.एड. च्या आधीपासून पाठ होतं:

1² + 2² + 3² + … + n² = n(n+1)(2n+1)/6

पाठ होतं, पण ६ ने का भागतात ते कधी कोणी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. या निमित्ताने ते उलगडलं आणि त्यात आपल्या महाराष्ट्राचा माणूस भेटला. भास्कराचार्य. इ. स. १११४ चा जन्म, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी लिहिलेला सिद्धांतशिरोमणी, 'लीलावती' हा त्याचाच पाटीगणिताचा भाग. त्यांचे नातू चांगदेव यांनी भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. तसा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण गावी आहे. लीलावतीत श्रेढीव्यवहार नावाचं प्रकरण आहे. श्रेढी म्हणजे आपली श्रेणी. तिथे हे सूत्र ६ च्या रूपात नाहीच. तिथे सांगितलं आहे की पदांची संख्या दुप्पट करा, त्यात एक मिळवा, तिनाने भागा आणि संकलिताने गुणा. संकलित म्हणजे १ पासून n पर्यंतची साधी बेरीज, n(n+1)/2. सूत्र त्यांच्याही आधी आर्यभटांकडे आहे, पण मला लीलावतीची मांडणी जास्त आवडली. ती मांडणी जशी आहे तशी कागदावर करता येते.

चार पदं घेऊ. १² + २² + ३² + ४² हवं आहे. २² म्हणजे दोन वेळा २, ३² म्हणजे तीन वेळा ३. तर संख्यांचा असा त्रिकोण मांडा:

१
२ २
३ ३ ३
४ ४ ४ ४

यातल्या सगळ्या संख्यांची बेरीज म्हणजेच आपली वर्गांची बेरीज. आता हाच त्रिकोण फिरवा, १ असलेला कोपरा खाली डावीकडे येईल असा:

४
३ ४
२ ३ ४
१ २ ३ ४

पुन्हा फिरवा, १ खाली उजवीकडे:

४
४ ३
४ ३ २
४ ३ २ १

फिरवल्याने बेरीज बदलत नाही. तिन्ही त्रिकोण एकमेकांवर ठेवा आणि एकाच जागेवर आलेल्या तीन संख्या मिळवा. अगदी वर १ + ४ + ४ = ९. खाली डावीकडे ४ + १ + ४ = ९. तिसऱ्या ओळीत मधली ३ + ३ + ३ = ९. कोणतीही जागा घ्या, ९ च. कारण एका जागेवरून शेजारच्या जागेवर सरकलं की एका त्रिकोणातली संख्या १ ने वाढते, दुसऱ्यातली १ ने कमी होते आणि तिसऱ्यातली तशीच राहते. ९ म्हणजे चाराची दुप्पट अधिक एक. जागा किती? १ + २ + ३ + ४ = १०, म्हणजे संकलित. तीन त्रिकोणांची मिळून बेरीज ९० आणि एका त्रिकोणाची ३०. पडताळा: १ + ४ + ९ + १६ = ३०. चाराऐवजी n घेतलं तर प्रत्येक जागेवर 2n+1 येतं, जागा n(n+1)/2, आणि त्रिकोण तीन म्हणून तिनाने भागायचं. लीलावतीचं वाक्य जसंच्या तसं. पाठ्यपुस्तकातला ६ म्हणजे हे तीन त्रिकोण आणि संकलितातले दोन.

मी हे पाचवीच्या मुलांना तीन पारदर्शक प्लास्टिकच्या कागदांवर करून दाखवलं. "मॅडम, सगळीकडे नऊच!" म्हणून वर्ग उठून उभा राहिला. आधीच सांगून ठेवते, त्रिकोण फिरवताना मुलं हमखास तो आरशासारखा उलटवतात. पहिला त्रिकोण उलटवला तर तो तसाच दिसतो आणि बेरीज ९ येत नाही. कोपऱ्यातल्या १ वर रंग लावा, तीन कागदांत तो तीन वेगवेगळ्या कोपऱ्यांत दिसला पाहिजे.

आता परत अन्वस्ताकडे. n पट्ट्या पाडल्या तर प्रत्येकीची रुंदी 1/n. पहिल्या पट्टीच्या उजव्या टोकाची उंची (1/n)², दुसरीच्या (2/n)², शेवटची (n/n)². प्रत्येक उंचीला रुंदीने गुणून मिळवलं की खाली सगळीकडे n³ येतो:

मोठी बेरीज = (1² + 2² + … + n²)/n³ = n(n+1)(2n+1)/(6n³)

इथे पुष्कळ मुलं रुंदीने गुणायला विसरतात. मग खाली n² राहतो, n वाढवला की उत्तर वाढतच जातं, आणि मुलगा लिहितो 'अनंत'. ही चूक पकडायला एक सोपी युक्ती आहे. आपला अख्खा चौरस १ एककाचा आहे, त्याच्या आतल्या तुकड्याचं क्षेत्रफळ १ पेक्षा जास्त येऊच शकत नाही. तसं आलं तर मागे जाऊन रुंदी शोधा.

वरचा भाग उलगडला की n(n+1)(2n+1) = 2n³ + 3n² + n. प्रत्येकाला 6n³ ने भागा:

मोठी बेरीज = 1/3 + 1/(2n) + 1/(6n²)

छोट्या बेरजेत शेवटची पट्टी, म्हणजे 1/n, कमी असते. ती वजा करा:

छोटी बेरीज = 1/3 − 1/(2n) + 1/(6n²)

दहा पट्ट्या घालून बघा: ०.३८५ आणि ०.२८५. आलेख कागदावरचे ३८५० आणि २८५० हेच. शंभर पट्ट्यांना ०.३३८३५ आणि ०.३२८३५. हजाराला ०.३३३८३३५ आणि ०.३३२८३३५.

इथवर आल्यावर ती म्हणाली, "बघा मॅडम, अजूनपण एक तृतीयांश नाही आलं." खरं आहे. आणि मी आदल्या दिवशी जे सांगितलं ते याच जागी चुकीचं होतं. n कितीही मोठा घ्या, मोठी बेरीज १/३ पेक्षा थोडी जास्तच राहते आणि छोटी थोडी कमीच. जाडी शून्य झालेला आयत कुठेच येत नाही. कोणतीही पायऱ्यांची आकृती १/३ ला टेकत नाही.

मग बरोबरचं चिन्ह कशाच्या जोरावर? ते चिन्ह आयतांच्या बेरजेसाठी नाहीच, ते वक्राखालच्या जागेसाठी आहे. ती जागा एक ठरलेली संख्या आहे. n बदलला तरी ती बदलत नाही. आणि प्रत्येक n साठी ती छोट्या आणि मोठ्या बेरजेच्या मध्येच असावी लागते. समजा कोणी म्हणालं की ती १/३ पेक्षा किंचित जास्त आहे, ०.००१ ने. मी त्याला हजार पट्ट्यांची मोठी बेरीज दाखवीन. ती १/३ पेक्षा फक्त ०.०००५ च्या आसपास जास्त आहे, आणि जागा मोठ्या बेरजेपेक्षा जास्त असूच शकत नाही. म्हणजे त्याचं म्हणणं खोटं. तो म्हणाला, बरं, ०.००००१ ने जास्त. मी एक लाख पट्ट्या पाडीन, तिथे मोठी बेरीज फक्त ०.०००००५ च्या आसपास वर असते. तो जेवढा लहान फरक सांगेल, त्याला पुरेल एवढा n मला सापडतो. 'किंचित कमी आहे' म्हणणाऱ्याला छोट्या बेरजेने असंच अडवता येतं. १/३ पेक्षा जास्त असलेली प्रत्येक संख्या बाद, कमी असलेली प्रत्येक संख्या बाद. उरली एकच.

यालाच लिमिट म्हणतात. लिमिट ही शेवटची पायरी नाही, शेवटची पायरी नसतेच. कडेच्या 1/(2n) आणि 1/(6n²) या पदांना हव्या तेवढ्या लहान मापाच्या खाली ढकलता येतं, एवढंच लिमिट सांगतं. म्हणूनच शून्यांची बेरीज १/३ कशी, हा तिचा प्रश्न उरत नाही. आपण शून्यं मिळवलेलीच नाहीत. आधी n आयतांची पूर्ण बेरीज सूत्राने केली आणि मग n वाढवला. हा क्रम उलटा केला, एकेका आयताला आधीच शून्य केलं, की गणित हातातून गेलं. बारावीच्या वहीत मला ही चूक दोनदा दिसली.

तिने मग स्वतःहून एक डोकं लढवलं. मोठी आणि छोटी बेरीज यांची सरासरी काढली तर? दहा पट्ट्यांना ०.३३५. एकदम जवळ आलं, पण बरोबर नाही आणि जरा जास्तच आहे. सूत्रात बघा, सरासरीत 1/(2n) कटतं आणि 1/(6n²) उरतं. आकृतीत त्याचा अर्थ असा की सरासरी म्हणजे प्रत्येक पट्टीत वक्राची दोन टोकं सरळ रेषेने जोडणं. आपला वक्र सैल सोडलेल्या दोरीसारखा खाली झोळतो, त्यामुळे सरळ रेषा त्याच्या वरून जाते आणि थोडी जास्तीची जागा पकडते.

एक कबुली द्यायची राहिली. अशा विषयावर लिहिलं की 'हे सगळं भास्कराचार्यांनीच शोधलं' असे मेसेज येतात. सूत्र लीलावतीत आहे, अन्वस्ताखालची जागा तिथे नाही. गोलाचं पृष्ठफळ पट्ट्या पाडून काढण्याची रीत मात्र त्यांच्या सिद्धांतशिरोमणीत आहे, आणि तीही थोर गोष्ट आहे. अन्वस्ताचं क्षेत्रफळ त्यांच्या कितीतरी आधी ग्रीक आर्किमिडीजने त्रिकोण भरत भरत काढलं होतं. आणि n मोठा झाला की वर्गांची बेरीज n³ च्या तिसऱ्या हिश्शाला भिडते, हे केरळात ज्येष्ठदेवांच्या 'युक्तिभाषा' या मल्याळम ग्रंथात सोळाव्या शतकात मांडलेलं आहे. मराठीत इंटिग्रेशनला संकलन म्हणतात, आणि लीलावतीत साध्या बेरजेला संकलित म्हणतात. तो शब्द मला या दोन दिवसांत नव्याने कळला.

० ते १ ऐवजी ० ते a घेतलं तर पट्टीची रुंदी a/n होते, उंच्यांत a² येतो, बाकी काही बदलत नाही, आणि उत्तर a³/3. चौकटीचा पाया a, उंची a², म्हणजे चौकट a³ ची आणि अन्वस्त तिचा तिसरा हिस्सा. तिने घरी जाऊन ० ते ३ साठी करून बघितलं. चौकट २७, उत्तर ९. दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर भेटली तेव्हा विचारत होती, "मॅडम, x³ असलं तर? घनांची बेरीज लागेल ना?" हो, लागेल. घनांच्या बेरजेचा नियमही लीलावतीत आहे: संकलिताचा वर्ग. तिला एवढंच सांगितलं आणि उत्तर तिच्यावर सोडलं.